मागच्या गल्लीचे एकशेचाळीस मीटर

रविवारी सकाळी दहाला शाळेच्या हॉलमध्ये सभा होती आणि साडेआठ वाजले तरी नगरसेविका ओट्याशी उभी राहून भाषणाचं दुसरं पान वाचत होती. चहा कधीच गार झाला होता. पहिलं पान ठीक होतं. त्यात नमस्कार, आभार आणि विकास होता. तिसरंही ठीक होतं. त्यात पुन्हा आभार होते. गाडं अडलं होतं ते दुसऱ्या पानावरच्या एका वाक्यापाशी: "मागच्या गल्लीच्या रस्त्याचा दुसरा टप्पा मंजूर झालेला आहे."

भाषण तिनं लिहिलं नव्हतं. निवडून येऊन तिला सव्वा वर्ष झालं होतं आणि त्याआधीची बावीस वर्षं तिनं लोकांचे कपडे शिवण्यात घालवली होती. कमरेचं माप तिला नजरेनं कळायचं, पण माइक हातात आला की जीभ टाळूला चिकटायची. म्हणून पक्षाच्या कार्यालयातले भाषणकाका तिला भाषणं लिहून देत. ते आणखी तीन नगरसेवकांनाही देत, त्यामुळे चार वॉर्डांत एकाच दिवशी एकच विकास व्हायचा.

तिनं काकांना फोन लावला.

"काका, हा दुसरा टप्पा मंजूर कधी झाला?"

"होईल की."

"होईल आणि झाला यात फरक आहे ना?"

"व्याकरणात आहे, मॅडम. सभेत नसतो. लोकांना टप्पा हा शब्द आवडतो, म्हणून घातला. टाळ्या पडतील, बघा."

मग तिनं रस्ते विभागाच्या कनिष्ठ अभियंत्याला फोन केला. पोरसवदा दिसणारा, काटकुळा, सात महिन्यांपूर्वीच बदली होऊन या वॉर्डात आलेला गृहस्थ. सभेला येणार म्हणून तो बहुतेक इस्त्री करत होता. मागे कुणीतरी "अहो, कॉलर जळेल" म्हणून ओरडल्याचं ऐकू आलं.

"प्रस्ताव गेलाय, मॅडम," तो म्हणाला. "पण वरिष्ठांनी अजून बघितलेला नाही. आणि बघितला तरी पुढच्या वर्षाच्या तरतुदीत बसला पाहिजे. मंजूर म्हणू नका. कुणी कागद मागितला तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

तिनं फोन ठेवला. तिचा नवरा शाळेची व्हॅन चालवायचा. रविवार म्हणून घरी होता आणि दारात बसून व्हॅनची सीट कव्हरं घासत होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं.

"म्हण की मंजूर," तो हळूच म्हणाला. "आजची सभा तरी सुखानं पार पडेल."

"आणि उद्याची?"

तो कव्हर घासत राहिला. त्याचं दुखणं वेगळं होतं, आणि तिला ते ठाऊक होतं. मागच्या गल्लीत त्याची धाकटी बहीण राहायची. सगळं घर तिला चिऊ म्हणायचं, म्हणजे लहानपणी कुणीतरी म्हणालं आणि मग कुणालाच बदलायचं सुचलं नाही. आता ही चिऊ बेचाळीस वर्षांची, भक्कम बांध्याची, किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसणारी बाई होती आणि तिचा आवाज गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचायचा. तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. चार महिन्यांपूर्वी दारासमोरच्या खड्ड्यात त्याची दुचाकी घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं होतं, पण बोटं अजून म्हणावी तशी वळत नव्हती, आणि घड्याळाचं काम म्हणजे सगळा बोटांचाच खेळ.

त्याच सुमाराला पुढच्या रस्त्याचं काम सुरू झालं. त्या रस्त्यावर नगरसेविकेचं घर होतं. चिऊनं एकदाच फोन करून विचारलं होतं, "वहिनी, आमची गल्ली?" नगरसेविका म्हणाली, "या वेळी निधी पुरत नाही गं." त्यानंतर चिऊनं फोन केला नाही आणि यांचा उचललाही नाही. भाऊ दुकानात गेला की ती त्याला गिऱ्हाइकासारखं विचारायची, "काय देऊ?" तो बिचारा दर वेळी काहीतरी विकत घेऊन यायचा. घरात काडेपेट्यांचा ढीग लागला होता.

हॉल खचाखच भरला होता. खुर्च्या कमी पडल्या म्हणून चौथीच्या वर्गातले बाक आणले होते आणि मोठमोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून त्यांवर बसली होती. अशा बसण्यानं माणूस आधीच चिडतो. पहिल्या रांगेत निवृत्त पोस्टमन वही-पेन घेऊन होते. त्यांना वॉर्डातलं प्रत्येक दार आणि प्रत्येक दारापुढचा खड्डा पाठ होता. मागच्या गल्लीची माणसं एकगठ्ठा उजव्या बाजूला बसली होती. त्यांच्या मधोमध चिऊ, आणि तिच्या शेजारी मनगटाला पट्टा बांधलेला तिचा नवरा. नगरसेविकेची आणि चिऊची नजरानजर झाली आणि चिऊनं ती फळ्याकडे वळवली.

भाषणकाका भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी अंगठा वर करून तिला धीर दिला.

पहिलं पान तिनं वाचलं. कुणीतरी मोठ्यानं जांभई दिली. मग दुसरं पान आलं आणि तिनं ते टेबलावर पालथं ठेवलं. भिंतीजवळ काका ताठ झाले.

"मला वाचून नीट बोलता येत नाही," ती म्हणाली. "तसंच सांगते. चुकलं तर रस्ते विभागाचे साहेब इथे बसलेत, ते सांगतील. पहिली गोष्ट, रस्त्याचे पैसे माझ्या हातात येत नाहीत."

उजवीकडून हशा आला. "सगळे असंच म्हणतात!"

"म्हणत असतील. पण कसं असतं ते ऐका. मी काम सुचवते. साहेब येऊन जागा मोजतात, अंदाजपत्रक करतात. मग निविदा निघते, ज्याचा दर कमी आणि कागद पुरे त्याला काम मिळतं. तो काम करतो, साहेब पुन्हा येऊन मोजतात आणि जेवढं भरलं तेवढंच बिल लेखा विभागातून निघतं. माझी सही कुठल्याच बिलावर नसते. म्हणून मी पैसे खाल्ले असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगते, मला कुणी वाढलेलेच नाहीत."

या वेळी हसू जरा बऱ्या मनानं आलं. तिचे खांदे किंचित सैल झाले.

"आता पुढचा रस्ता. मंजूर झाले छत्तीस लाख. त्यातले चौदा लाख गेले बाजूच्या गटारात."

"गटारात!" पोस्टमन वहीतून मान वर करून म्हणाले. "हे मात्र आम्हाला माहीतच होतं."

सगळा हॉल हसला. तीही हसली, कारण तिला पर्यायच नव्हता.

"पोस्टमनकाका, पाच वर्षांत त्या रस्त्यावर किती वेळा डांबर पडलं?"

"चार वेळा."

"आणि टिकलं किती?"

"पहिल्या पावसापर्यंत. एकदा तर त्याआधीच गेलं."

"कारण उतारावरचं सगळं पाणी रस्त्यावरूनच वाहत होतं. त्याला जायला दुसरी वाटच नव्हती. मी कपडे शिवायचे. अस्तराचं कापड विरलेलं असताना वरून कितीही भारी कापड लावा, दुसऱ्या धुण्यात शिवण उसवते. म्हणून मी साहेबांना म्हटलं, आधी गटार घ्या, मग डांबर. गटाराला चौदा. खालची खडी आणि वरचं डांबर मिळून वीस. राहिलेले दोन चेंबरची झाकणं वर घ्यायला आणि डांबराच्या तपासण्यांना. हे झाले छत्तीस. त्यात दोनशे सत्तर मीटर रस्ता झाला. नुसतं डांबर टाकलं असतं तर मागची गल्लीही त्यात बसली असती, आणि पुढच्या वर्षी आपण सगळे याच बाकांवर पुन्हा बसलो असतो."

"आणि पुढचा तरी टिकेल कशावरून?" पोस्टमननी विचारलं.

"तीन वर्षांत उखडला तर ठेकेदारानं स्वतःच्या पैशानं करायचा. त्याची अनामत तोवर पालिकेकडे अडकलेली आहे. खड्डा दिसला की तारीख घालून फोटो काढा आणि मला द्या. मी साहेबांना देते."

पोस्टमननी हे लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. इथवर ठीक चाललं होतं. तेवढ्यात उजवीकडून आवाज आला. हॉलमध्ये माइक एकच होता, पण या आवाजाला तो लागत नव्हता.

"मॅडम."

चिऊ उभी राहिली होती. बारा वर्षांत तिनं भावजयीला वहिनीशिवाय दुसरी हाक मारली नव्हती. दाराशी उभ्या असलेल्या भावानं मान खाली घातली.

"गटाराचं समजलं, मॅडम. अस्तराचंही समजलं. आमच्या गल्लीचं सांगा. कधी होणार? कुणी म्हणतं, दुसरा टप्पा मंजूर झालाय. झालाय का?"

भाषणकाकांनी हॉलमध्ये शिरताना चार जणांच्या कानात टप्पा घातलेलाच होता. नगरसेविकेनं त्यांच्याकडे पाहिलं. ते ओठांची हालचाल करून सांगत होते, झालाय म्हणा. एका शब्दाचं काम होतं.

"नाही," ती म्हणाली. "मंजूर नाही. प्रस्ताव गेलाय. पुढच्या वर्षी पैसे मिळाले तर होईल. मिळतील असं मी आज सांगू शकत नाही."

उजवी बाजू एकदम उठली. बाक करकरले. "मग बोलावलं कशाला?" "मतं मागायला बरी आली होती गल्लीत!" "स्वतःचं दार गुळगुळीत झालं, आता आमची काय काळजी!" एका म्हाताऱ्या बाईंनी आपली चप्पल वर करून दाखवली, मारायला नव्हे, तिचा तुटलेला अंगठा दाखवायला, पण लांबून ते कुणाला कळत नव्हतं. भाषणकाकांनी डोळे मिटून घेतले.

त्या गलक्यात एक गोष्ट नगरसेविकेच्या लक्षात आली आणि तिला तिचंच नवल वाटलं. सकाळपासून छातीवर बसलेला धोंडा नाहीसा झाला होता. आता जे होईल ते खरं बोलून होणार होतं.

"तुमचा राग बरोबर आहे," ती म्हणाली. "माझ्या घरचा माणूस त्या खड्ड्यात पडलाय. मला ते रोज आठवतं. यादीत पुढचा रस्ता आधी घेतला तो माझं घर आहे म्हणून नाही, शाळेची मुलं आणि रुग्णवाहिका तिथून जातात म्हणून. पण तुम्हाला तसं वाटणार हे मला कळायला हवं होतं. मी आधीच गल्लीत येऊन सांगायला हवं होतं. तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून आले नाही. ते माझं चुकलं."

गलका ओसरला नाही, पण त्याची धार गेली. चिऊ अजून उभीच होती. तिचा नवरा हळू आवाजात तिला म्हणाला, "बस गं." ती बसली नाही. पण आता ती नगरसेविकेकडे नाही, अभियंत्याकडे वळली होती.

"साहेब, तुम्ही सांगा. दोन वर्षांपूर्वी आमची गल्ली चांगली होती. जुनी होती, पण सपाट होती. मग ते केबलवाले आले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत खणून गेले. अकरा दिवस माझ्या दुकानात गिऱ्हाईक पाय ठेवू शकलं नाही. माती लोटली, वरून चार घमेली डांबर फासलं आणि गेले. तेव्हापासून खड्डे. ते कुणी भरायचे?"

अभियंता हातातल्या कागदांवर काहीतरी लिहीत होता. तो थांबला.

"केबलवाले? कोणत्या बाजूनं खणलं होतं?"

"डाव्या. माझ्या पायरीला लागून. पायरीही फोडली."

"आणि खड्डे कुठे आहेत? सगळ्या गल्लीभर, की..."

चिऊ काही बोलायच्या आत तिचा नवराच बोलला. तो चार माणसांत कधी तोंड उघडत नसे. "एका ओळीत आहेत, साहेब. डाव्या बाजूनं. मी घसरलो तोही त्याच ओळीत."

अभियंता उठून उभा राहिला. "कंपनीला खणायला परवानगी देताना पालिका त्यांच्याकडून रस्ता पूर्ववत करायचे पैसे आधीच भरून घेते. मीटरच्या हिशेबानं. ते वॉर्डाच्या निधीत नसतात, वेगळ्या खात्यात असतात, आणि त्या रस्त्यावरच वापरायचे असतात. पण या गल्लीच्या नावानं तसं काहीच नाही. प्रस्ताव करताना मी रजिस्टर बघितलंय. परवानगी न घेताच खणलं असेल तर मग..."

"घेतली होती!" चिऊ म्हणाली. "मी भांडले होते त्यांच्याशी. कागद दाखवल्याशिवाय फावडं लावू दिलं नाही. त्याची झेरॉक्स काढून घेतली, पायरीची भरपाई मागायला. थांबा."

आणि ती निघाली. चौथीच्या बाकांमधून वाट काढणं तिच्या बांध्याला सोपं नव्हतं. दोन बाक सरकले आणि पोस्टमनचं पेन पडलं. हॉलमध्ये काय करावं ते कुणाला कळेना. सभा संपवावी, तर ती मध्येच लटकलेली. नगरसेविकेनं माइक खाली ठेवला आणि सगळ्यांना पाणी द्यायला सांगितलं. काका तिच्याजवळ येऊन पुटपुटले, "तिसरं पान वाचून टाका, मॅडम. अजून वेळ गेलेली नाही."

"पाणी घ्या, काका," ती म्हणाली.

दहा मिनिटांत चिऊ परत आली. धापा टाकत होती. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद होता. कुणाकडे न बघता तिनं तो अभियंत्याच्या हातात दिला. त्यानं तो उजेडात धरला, एकदा वाचला, पुन्हा वाचला आणि त्याच्या कोवळ्या चेहऱ्यावर हसू फुटलं.

"मला सापडणारच नव्हतं," तो म्हणाला. "हे बघा, मॅडम. अर्ज कंपनीनं केलाय. कामाचं नाव काय लिहिलंय? 'मुख्य रस्ता ते पाण्याची टाकी.' गल्लीचं नावच नाही. मी गल्लीच्या नावानं शोधत होतो. पण मुख्य रस्त्यावरून टाकीकडे जाणारी वाट एकच, ती हीच गल्ली. लांबी एकशे तीस मीटर. आणि खाली पावती क्रमांक आहे. म्हणजे पैसे भरलेत."

"किती?" पोस्टमननी विचारलं.

"तीन लाख नव्वद हजार."

हॉलमध्ये कुजबुज पसरली. अभियंता माणूस सावध होता. त्यानं लगेच हात वर केला. "थांबा, थांबा. उद्या कार्यालयात पावती जुळवून बघतो. पैसे खात्यात शिल्लक आहेत की दुसरीकडे वापरले गेलेत ते बघावं लागेल. आज मी शब्द देत नाही."

"पण असतील तर?" नगरसेविकेनं विचारलं.

"असतील तर नवी निविदा लागत नाही. असे चर भरायला पालिकेनं वर्षभरासाठी ठेकेदार नेमलेलाच असतो. कार्यकारी अभियंत्यांची मंजुरी घ्यायची, की काम. मुळात तुमची गल्ली खराब नाहीच. खणलेला चर नीट ठोकून भरला नाही, म्हणून तो खचला. तो पुन्हा उकरायचा, थराथरानं भरून दाबायचा. पैसे उरले तर सगळ्या गल्लीवर पातळ थरही बसेल."

पहिली टाळी कुणी वाजवली ते कळलं नाही. पण नंतर बराच वेळ त्या वाजत राहिल्या, आणि त्या नगरसेविकेसाठी नव्हत्या, चिऊसाठी होत्या. चिऊला हे कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ती मटकन बाकावर बसली आणि पदरानं घाम टिपू लागली. भाषणकाकांनीही टाळ्या वाजवल्या. टप्पा नसतानाही लोक वाजवतात, हे त्यांना नवं होतं.

सोमवारी नगरसेविका साडेदहाला पालिकेत हजर होती. अभियंता रस्ते विभागातून लेखा विभागात गेला, तिथून ठेवींच्या टेबलावर, तिथून पुन्हा खाली. ती बाकावर बसून राहिली. दुपारी एकला तो जिना उतरताना दिसला आणि त्याच्या चालण्यावरूनच तिला कळलं. पैसे शिल्लक होते. दोन वर्षं ते तिथेच पडून होते, मागायला कुणी आलंच नव्हतं. तिचा जीव भांड्यात पडला. तिनं तिथल्या तिथे चिऊला फोन लावला. चार महिन्यांत पहिल्यांदाच तो उचलला गेला.

"आहेत गं. सगळेच्या सगळे आहेत."

पलीकडे गल्ल्याचा खण बंद केल्याचा आवाज आला. मग चिऊ म्हणाली, "जेवलीस का?"

"अजून नाही."

"एक वाजून गेला. अशानं पित्त होतं, वहिनी." आणि फोन ठेवला.

मंजुरीला तीन आठवडे लागले. वरिष्ठांनी दोनदा शंका काढली, एकदा नकाशा मागितला. पोस्टमननी गल्लीतल्या प्रत्येक दारापुढचा खड्डा वहीत मोजून दिला आणि ती वही अभियंत्यानं खरोखरच प्रस्तावाला जोडली. मग एका बुधवारी सकाळी दोन्ही टोकांना अडथळे लागले. मुकादम आला, चर उकरला, खालची ओली माती काढून टाकली. अभियंता दर थराला पट्टी घालून खोली मोजत होता आणि गल्ली त्याच्याभोवती उभी राहून त्याला मोजायला शिकवत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी डांबर आलं. पैसे पुरले, थर गल्लीभर बसला, फक्त शेवटचे दहा मीटर, टाकीच्या दारापुढचे, जिथे खणलंच गेलं नव्हतं, तसेच राहिले.

चिऊच्या नवऱ्यानं त्या दिवशी दाराशी खुर्ची टाकली होती. डोळ्याला भिंग लावून तो एक मनगटी घड्याळ उघडून बसला होता. स्क्रू दोनदा हातातून निसटला, तिसऱ्यांदा बसला. त्यानं कुणाला सांगितलं नाही, पण भिंग काढून डोळे पुसले आणि पुन्हा लावलं.

डांबर गरम होतं तोवर दुकानात कुणी येणं शक्य नव्हतं. चिऊनं शटर ओढलं आणि मागच्या बाजूनं वळसा घालून भावाच्या घरी गेली.

संध्याकाळी भाऊ व्हॅन लावून जिना चढला तेव्हा वरून आवाज येत होते. तो मधल्या पायरीवर थांबला. दोघी एकाच वेळी बोलत होत्या आणि एकमेकींचं मुळीच ऐकत नव्हत्या. चिऊ म्हणत होती की ब्लाउजची बाही दरवेळी वहिनीच आखूड करते. वहिनी म्हणत होती की बाही तेवढीच असते, दंड वाढलेत. मग दोघीही हसल्या, इतक्या मोठ्यानं की खालच्या मजल्यावरचं दार उघडून शेजारीण बाहेर आली.

"काय झालं हो वर?" तिनं विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "बहीण आलीय." आणि आल्या पावली दूध आणायला खाली उतरला.